पाडवा ते दसरा: पोर्टफोलिओ बघायचे दोनच दिवस

"मॅडम, सकाळी चहाआधी मोबाईल उघडतो तो पोर्टफोलिओ बघायलाच. लाल दिसलं की दिवसभर कामात लक्ष लागत नाही, हिरवं दिसलं तरी वाटतं आता विकावं का. नाही बघितलं तर काहीतरी हातातून निसटेल अशी भीती. झोपेची पार वाट लागलीय. बघावं तरी किती वेळा?"

विचारणारे गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांचे, भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. राहायला सिंहगड रस्त्याला, पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, ही माहितीही त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे. ते आले 2024 च्या जुलैमध्ये, पण दुखणं जूनचं होतं.

4 जून 2024, मंगळवार. लोकसभेच्या निकालाचा दिवस. सेन्सेक्स त्या एका दिवसात 4,389 अंकांनी कोसळला. हे दुपारी कँटीनमध्ये जेवता जेवता मोबाईल बघत होते. ताट तसंच ठेवून त्यांनी एका इक्विटी फंडातले आदल्या दिवशीच्या भावाने सहा लाख असलेले युनिट विकायला टाकले. फंडाच्या व्यवहारात दुपारी तीनच्या आत विक्री टाकली की त्याच दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, लागते, आणि ती ठरते बाजार बंद झाल्यावर. म्हणजे त्यांनी घाईने नेमका त्या पडलेल्या दिवसाचा भाव पदरात पाडून घेतला. खात्यात आले पाच लाख चौसष्ट हजार. शुक्रवारी, 7 जूनला, सेन्सेक्स 76,693 वर बंद झाला, निकालाच्या आदल्या दिवसापेक्षाही वर. छत्तीस हजार गेले याचं त्यांना वाईट वाटत होतंच, पण खरं डाचत होतं ते वेगळं. "मी मूर्ख नाही हो. मग माझ्या हातून हे झालं कसं?"

मी समुपदेशक, गुंतवणूक सल्लागार नाही. कुठला फंड ठेवा आणि कुठला काढा, हे माझं काम नव्हे. त्यासाठी मी त्यांना बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेल्या, कमिशनऐवजी फी घेणाऱ्या सल्लागाराकडे पाठवलं. माझ्याकडे होता तो भाग सवयीचा.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरलं. ॲप उघडलं की वेळ, उघडण्याआधी धास्ती दहापैकी किती, अर्ध्या तासाने किती. वही घेऊन आले तेव्हा स्वतःच चक्रावले होते. कामाच्या दिवशी सरासरी सतरा वेळा. लाल दिसलं की धास्ती चारवरून सातवर जायची आणि तिथेच रेंगाळायची. हिरवं दिसलं की चारवरून दोनवर यायची, पण अर्ध्या तासात परत चारवर. म्हणजे चांगली बातमीसुद्धा त्यांना फार तर अर्धा तास पुरत होती. त्या अर्ध्या तासाच्या सुटकेसाठीच हात पुन्हा मोबाईलकडे जात होता. काळजीपोटी केलेली प्रत्येक तपासणी क्षणभर बरं वाटायला लावते आणि पुढच्या तपासणीची गरज पक्की करते. गॅस बंद केला का म्हणून पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात जाणाऱ्या माणसाचंही हेच होतं.

वहीत आणखी एक गंमत सापडली. त्यांचे बहुतेक पैसे म्युच्युअल फंडांत. फंडाची एनएव्ही दिवसातून एकदाच निघते, तीही रात्री. म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत ते ज्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते, तो आदल्या दिवशीचाच होता. हे दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

पण सतरावरून एकवर आलं तरी भागतं का? इथे थोडा हिशोब करावा लागतो, आणि क्वालिटीतल्या माणसाला हिशोबच पटतो. समजा एखाद्या इक्विटी फंडाचा सरासरी वार्षिक परतावा बारा टक्के आहे आणि चढउतार अठरा टक्क्यांचा. ही नुसती उदाहरणाची मापं. अशा फंडाकडे रोज बघितलं तर शंभरातले साधारण बावन्न दिवस वाढीचे दिसतात आणि अठ्ठेचाळीस घटीचे. महिन्याने बघितलं तर शंभरात अठ्ठावन्न वेळा वाढ, सहा महिन्यांनी अडुसष्ट वेळा, वर्षाने पंचाहत्तर वेळा. फंड तोच, पैसे तेच. फक्त बघण्यातलं अंतर वाढलं.

आता मनाचं गणित. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या सुखापेक्षा जास्त असतं; पुढे ते ढोबळमानाने दुप्पट धरलं गेलं. मग रोज बघणाऱ्याला शंभर दिवसांत सुखाचे बावन्न गुण आणि दुःखाचे शहाण्णव. सहा महिन्यांनी बघणाऱ्याला शंभर वेळांत सुखाचे अडुसष्ट, दुःखाचे चौसष्ट. काटा जेमतेम सुखाकडे झुकतो तो तिथे. (घट किती मोठी, हे या गणितात धरलेलं नाही, दिशा समजण्यापुरतंच ते घ्यावं.) श्लोमो बेनार्ट्झी आणि रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञांनी 1995 मध्ये हेच तपासलं होतं: तोट्याला भिणारा माणूस जितक्या वेळा हिशोब बघतो तितके शेअर त्याला धोक्याचे वाटू लागतात, आणि तो जिथे दीर्घकाळ थांबायला हवं तिथून बाहेर पडतो. आमच्या गृहस्थांची 4 जूनची दुपार याच साच्यातली. अक्कल कमी पडली नव्हती. महिनोन् महिने रोज दुःखाचे दुप्पट गुण जमा होत होते, त्या दिवशी भांडं भरलं.

तरीही माझं एक मत आहे: सगळी धास्ती सवयीची नसते, काही खरी असते. त्यांना विचारलं, "या पैशातले कुठले पैसे लवकर लागणार आहेत?" उत्तर आलं, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांची फी आणि हॉस्टेल, सव्वापाच लाखांच्या आसपास, 2026 पासून. आणि तेही इक्विटीतच होते! दोन वर्षांत लागणारा पैसा इक्विटीत असेल तर भीती वाटणं बरोबरच आहे, ती समुपदेशनाने घालवू नये. सल्लागारांनी सुचवलं की जूनमध्ये विकलेले पाच लाख चौसष्ट हजार परत बाजारात घालूच नका, मुलीच्या नावाने वेगळी एफडी करा. अर्धी झोप तिथेच परत आली.

उरलेल्यासाठी वेळापत्रक. वरच्या हिशोबाने सहा महिने ठरले. तारीख लक्षात राहावी म्हणून गुढीपाडव्यानंतरचा आणि दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. पाडवाच रविवारी आला तर तोच. रविवार मी मुद्दाम सुचवला: बाजार बंद असतो, त्यामुळे बघणं आणि बटण दाबणं यात एक रात्र तरी जाते. निर्णय झाला तरी मंगळवारच्या आधी व्यवहार नाही, असंही कागदावर लिहिलं.

त्या कागदावर तीनच प्रश्न. एक, एकूण बचतीत इक्विटीचा हिस्सा पासष्ट टक्के ठरला आहे. तो साठच्या खाली किंवा सत्तरच्या वर गेला का? दोन, घरात काही बदललं का, नोकरी, आजारपण, कर्ज? तीन, कुठला फंड सलग तीन वर्षं आपल्या निर्देशांकाच्या मागे पडला आहे का? तिन्हींना "नाही" असेल तर वही बंद. खाली एक चौकट, मधेच बघायला परवानगी असलेल्या गोष्टींची: नोकरी जाणं, दवाखान्याचा मोठा खर्च, खात्यात न केलेला व्यवहार दिसणं, फंडाच्या मूळ स्वरूपातच बदल होत असल्याचं पत्र येणं. त्या पत्रानंतर एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, न भरता बाहेर पडायला निदान तीस दिवस मिळतात, त्यामुळे तिथेही घाई लागत नाही. "बाजार पडला" हे चौकटीत नाही. बँकेचे आणि व्यवहाराचे एसएमएस मात्र चालूच ठेवायचे. फसवणूक त्यातूनच कळते, आणि त्यात पोर्टफोलिओची किंमत नसते.

सतरावरून एकदम वर्षातून दोनवर कोणी येत नाही. पहिला महिना रोज रात्री एकदा, मग फक्त शनिवारी, मग महिन्यातून एकदा. ॲपमधून लॉगआउट, भावाच्या सूचना बंद. पासवर्ड पत्नीकडे द्यावा का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. घरात एक पोलीस आणि एक चोर तयार होतो, आणि भांडण पैशांवरून सरकून विश्वासावर जातं. दुसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला, हात सारखा खिशाकडे जायचा. इच्छा झाली की वीस मिनिटं थांबून मग ठरवायचं, एवढंच सांगितलं होतं. बहुतेक वेळा वीस मिनिटांत कोणीतरी मशीनपाशी हाक मारायचं आणि विषय संपायचा.

खरी परीक्षा 2025 मध्ये झाली. 2024 च्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने निफ्टी घसरत होता. 30 मार्चला, पाडव्याच्या रविवारी, गुढी उभारून श्रीखंड-पुरी झाल्यावर दोघं नवरा-बायको कागद घेऊन बसले. इक्विटीचा हिस्सा त्रेसष्ट. साठच्या वर, म्हणून काही करायचं नाही. मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून एक ओळ जोडली होती: "इथून इक्विटी साधारण बारा टक्के पडली तर हिस्सा साठ होईल." आठ दिवसांनी, सोमवारी 7 एप्रिलला, अमेरिकेच्या आयात करांच्या धसक्याने सेन्सेक्स 2,226 अंकांनी खाली बंद झाला. संध्याकाळी त्यांचा फोन. "मॅडम, कँटीनमध्ये टीव्हीवर बघितलं. छातीत धडधडलं. पण आजचे तीन टक्के आहेत, पाडव्यापासूनचे धरले तरी बाराच्या निम्मे." त्यांनी ॲप उघडलं नव्हतं.

पुढे बाजार सावरला, पण तो पुरावा म्हणून मी सांगत नाही. सावरला नसता आणि हिस्सा साठच्या खाली गेला असता, तर दसऱ्याला कागदाने थोडी इक्विटी वाढवायला सांगितलं असतं. मुलीच्या फीला मात्र तेव्हाही धक्का लागला नसता.

हे वेळापत्रक सगळ्यांना चालत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्यांना रोज मार्जिन, म्हणजे तारण ठेवलेली रक्कम, बघावंच लागतं, त्यांना सहा महिन्यांची सुट्टी परवडत नाही. त्यांच्याशी माझं बोलणं वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होतं. थेट शेअर घेणाऱ्यांनी कंपनीचे तिमाही निकाल वाचावेत, भाव नव्हे. आणि कर्ज काढून पैसे घातले असतील, घरच्यांपासून लपवले असतील, किंवा ॲप बंद ठेवूनही झोप लागत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी, तारखा नंतर ठरवता येतात.