मित्राच्या बागेतून परतल्यावर

"मी त्रेचाळीस वर्षांचा असून बँकेत अधिकारी आहे. महिन्यापूर्वी कॉलेजमधला सर्वांत जवळचा मित्र वीस वर्षांनी भेटला. त्याने नोकरी नाकारून नाटकांच्या नेपथ्याचे काम धरले आणि त्यातच तो रमला आहे. तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही. आपण वाटच चुकलो असे वाटते. नोकरी सोडावी का?"

राजीनाम्याचा विचार तीन महिने बाजूला ठेवावा, अशी माझी पहिली विनंती आहे. त्या तीन महिन्यांत काय करायचे ते कळावे म्हणून मी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलूनच ती लिहीत आहे. त्यांना मी सुधीर म्हणेन आणि त्यांच्या मित्राला दत्ता.

दोघे कराडला अभियांत्रिकीला होते, वसतिगृहाच्या एकाच खोलीत चार वर्षे राहिले आणि २००४ साली पदवी घेऊन बाहेर पडले. सुधीर पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले. दत्ता तासगाव तालुक्यातल्या आपल्या गावी द्राक्षबाग करायला परतला. फोन हळूहळू कमी होत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये वर्गाच्या स्नेहमेळाव्यात दोघे पुन्हा भेटले. दत्ता आग्रहाने सुधीरना घरी घेऊन गेला. बागेत मण्यांत पाणी उतरू लागले होते आणि मांडवाखाली घड एका उंचीवर ओळीने लटकत होते. दत्ता प्रत्येक ओळीतला फरक सांगत चालला होता. सुधीर मला म्हणाले, "त्याने वीस वर्षे काय केले ते मला दहा मिनिटांत दिसले. मी काय केले ते मला कुणाला दाखवताच येणार नाही."

पुण्याला परतल्यावर त्यांची झोप पहाटे तीनला मोडू लागली. पत्नीशी खटके उडू लागले आणि राजीनाम्याचा मजकूर मेलच्या मसुद्यांत लिहून तयार झाला. फेब्रुवारीत ते माझ्याकडे आले.

पहिल्या भेटीत मी मित्राचा विषय लगेच हाती घेतला नाही. झोप, भूक, कामात मन लागणे, कशातच रस न वाटणे यांविषयी आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतो. मागील दोन आठवडे डोळ्यांसमोर ठेवून तिची उत्तरे द्यायची असतात आणि एकूण गुण शून्य ते २७ यांच्या दरम्यान येतात. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर मी मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला सांगतो. जगणे नकोसे होण्याविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला थोडेही होकारार्थी उत्तर आले तर एकूण गुण कितीही असोत, त्यावर त्याच दिवशी बोलावे लागते. सुधीरचे गुण आठ होते आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी होते, म्हणून समुपदेशन सुरू करता आले. तुमचीही झोप महिनाभर बिघडलेली आहे, त्यामुळे ही तपासणी तुम्ही आधी करून घ्या. खिन्नता आजाराच्या पातळीवर गेली असेल तर आयुष्यातला प्रत्येक निर्णय चुकलेलाच दिसतो आणि अशा मनःस्थितीत आपल्या करिअरचा न्याय करणे धोक्याचे असते. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

दुसऱ्या भेटीपासून आम्ही अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीप्रमाणे काम सुरू केले. घडलेली घटना, तिच्याविषयी मनात धरलेला समज आणि त्यातून झालेला त्रास हे तीन भाग या पद्धतीत वेगवेगळे लिहायचे असतात. घटना साधी होती: मित्र भेटला, त्याची बाग पाहिली. त्रास कोणता तेही उघड होते. मधला समज लिहायला मात्र सुधीरना दोन भेटी लागल्या. आधी त्यांनी लिहिले, "दत्ता सुखी आहे." हा समज नाही, निरीक्षण आहे. मग लिहिले, "मी शेती करायला हवी होती." त्याच्याही खाली जे निघाले ते असे होते: "आम्ही दोघे एकाच जागेवरून निघालो होतो, म्हणून त्याला जे मिळाले ते मलाही मिळायलाच हवे होते."

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ साली मांडले होते की माणूस स्वतःला जोखण्यासाठी आपल्यासारख्याच माणसांशी तुलना करतो. उद्योगपतीचे वैभव आपली झोप उडवत नाही, पण एका खोलीत राहिलेला, आपल्याइतकेच गुण मिळवणारा मित्र ती उडवतो. तो मित्र आपल्याला परका वाटत नाही. आपणच दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर कसे झालो असतो, त्याचा तो जिवंत पुरावा वाटतो. सुधीरना दत्ताच्या बागेत दत्ता दिसलाच नव्हता, तिथे त्यांना न जगलेला सुधीर दिसला होता.

इथे मी एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. बागायतदाराचे वर्ष किती जोखमीचे असते ते सुधीरना कळावे, म्हणून मी त्यांना दत्ताला फोन करून मागची सगळी वर्षे विचारायला सांगितले. दत्ताने काही लपवले नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसात त्याची बाग ऐन फुलोऱ्यात सापडली, दावण्या रोगाने आणि घडकुजीने बहुतेक माल गेला, औषधांचा खर्च मात्र दुप्पट झाला आणि सोसायटीचे कर्ज फेडायला पुढची तीन वर्षे लागली. एका वर्षी दर पडले म्हणून सगळी द्राक्षे बेदाण्याला घातली; चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो आणि सौद्यात त्याचाही भाव मनासारखा लागला नाही. हे ऐकून सुधीरना हलके वाटेल अशी माझी अपेक्षा होती. पुढच्या भेटीत ते अधिकच खचलेले होते. दत्ता फोन ठेवताना म्हणाला होता, "वाईट वर्षं पुष्कळ आली, पण तुझ्या जागी असतो तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलं नाही."

'त्यालाही दुःखे आहेतच की' हे सांत्वन घरोघरी दिले जाते आणि मीही नकळत तेच दिले होते. त्याचा दोष असा की आपले समाधान ते मित्राच्या दुःखावर उभे करते. मित्र खरोखरच समाधानी निघाला तर पायाखालचे सगळेच सरकते. तुमचा नेपथ्यकार मित्रही कदाचित खरोखरच समाधानी असेल. तसे असू शकते हे गृहीत धरूनच पुढे जावे लागते.

मग आम्ही जे केले त्याने काम पुढे सरकले, म्हणून ते सविस्तर सांगतो. मी सुधीरना २००४ सालच्या जून महिन्याचे टिपण लिहायला सांगितले आणि एकच अट घातली: तेव्हा जे माहीत होते तेवढेच लिहायचे, नंतर कळलेले एक अक्षरही त्यात येता कामा नये. घरात कोण कमावते होते, कर्ज किती होते, हातात कोणते पर्याय होते, कोणाशी बोलणे झाले होते, एवढे लिहायचे होते. ते चार पाने लिहून आले. वडील एसटीत वाहक होते आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. शिक्षणासाठी पतपेढीचे कर्ज घेतले होते. धाकटी बहीण बारावीत होती. तिसऱ्या पानावर एक वाक्य होते, "आमच्याकडे जमीन नव्हती."

मी ते वाक्य त्यांना मोठ्याने वाचायला लावले. ते वाचून सुधीर बराच वेळ काही बोलले नाहीत. दत्ताकडे वडिलोपार्जित चार एकर होते, विहिरीला पाणी होते आणि छाटणीपासून औषधापर्यंत सगळे हाताला धरून शिकवणारे चुलते होते. दोघे एकाच खोलीतून निघाले होते हे खरे, पण एकाच जागेवरून निघाले नव्हते. म्हणजे दत्ताचे आयुष्य ही सुधीरची हुकलेली वाट नव्हतीच, ती वाट त्यांच्यापुढे कधी आलीच नव्हती.

एवढ्याने हुरहुर संपली नाही आणि ती संपावी असा माझा आग्रहही नव्हता. जमीन नव्हती हे कळल्यावर प्रश्न उरला की मग बागेत नेमके काय पाहून जीव कासावीस झाला. टिपणाच्या शेवटच्या पानावर त्याचा धागा होता. अखेरच्या वर्षी एका प्राध्यापकांनी सुधीरना शिकवण्याकडे वळायला सुचवले होते आणि वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धा वर्ग त्यांच्याकडून थर्मोडायनॅमिक्स समजून घ्यायला येत असे. ही वाट मात्र खरोखर समोर होती. घरच्या अडचणीमुळे त्यांनी तिचा विचारही केला नव्हता. केलेल्या गोष्टींची टोचणी काळाबरोबर बोथट होते, पण न केलेल्या गोष्टींची वर्षानुवर्षे टिकते, असे पश्चात्तापावर काम करणाऱ्या संशोधकांनी नोंदवले आहे आणि माझ्या खोलीतही मी ते वारंवार पाहतो.

एप्रिलमध्ये सुधीर आठ दिवसांची रजा काढून दत्ताकडे खरड छाटणीला गेले. हे त्यांनीच ठरवले आणि मला ते पटले, कारण एका दिवसाच्या पाहुणचारापेक्षा आठ दिवसांचे काम अधिक खरे सांगते. तिसऱ्या दिवशी हाताला फोड आले. पाचव्या दिवशी कंटाळा आला आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे वहीत लिहिला. संध्याकाळी मात्र दत्ताची अकरावीतली मुलगी भौतिकशास्त्राची वही घेऊन बसायची आणि त्या दोन तासांविषयी वहीत प्रत्येक दिवशी पानभर मजकूर होता.

तुम्हीही असे टिपण लिहा. वीस वर्षांपूर्वी नेपथ्याचे काम तुमच्यापुढे खरोखर पर्याय म्हणून होते का, की ते पहिल्यापासून केवळ मित्राचेच होते, हे त्यात तपासा. पर्याय म्हणून ते असेल तर एखाद्या प्रयोगाच्या तालमींना रजा काढून मित्राच्या हाताखाली आठ दिवस राबा, ठोकठोक करा, ट्रकमध्ये सामान चढवा आणि रोज रात्री वही लिहा. पर्याय म्हणून ते नसेल तर त्या काळी बाजूला पडलेली तुमची स्वतःची गोष्ट कोणती, ते शोधावे लागेल. ती कदाचित नाटकाशी संबंधित नसेलही. पत्नीला हे सगळे आजच सांगा. सुधीरनी मसुद्यातला राजीनामा पत्नीला दोन महिन्यांनी दाखवला आणि घरातला सर्वांत मोठा वाद नोकरीवरून झाला नाही, तो या लपवण्यावरून झाला.

सुधीरनी राजीनामा दिला नाही. जूनपासून ते शनिवारी सकाळी एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. मानधन नाममात्र आहे. पहाटेची जाग कमी झाली असली तरी पूर्ण थांबलेली नाही. वर्गातल्या जुन्या गटावर दत्ताने बागेचे छायाचित्र टाकले की अजूनही क्षणभर आत काहीतरी हलते, असे त्यांनी शेवटच्या भेटीत सांगितले. मी विचारले, तेव्हा काय करता? ते म्हणाले, "त्याला फोन करतो आणि पाऊस-पाणी कसं आहे ते विचारतो."