साडेसात अधिक अठरा म्हणजे साडेपंचवीस नव्हे

प्रश्न: चीनहून पॅकिंग मशीन मागवतोय, न्हावा शेवाला उतरेल. बेसिक ड्युटी 7.5% आणि आयजीएसटी 18%, म्हणजे 25.5% झाले. माझा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, 27.7% सांगतोय. मधले दोन टक्के तो खातोय का? एजंट बदलू का?

नाही, खात नाहीये. 7.5 वर दहा टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, म्हणजे 0.75. हा ड्युटीवर लागतो, मालाच्या किमतीवर नाही. आयजीएसटीचे अठरा टक्के मात्र किंमत, बेसिक आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर बसतात. शंभर रुपयांच्या मालाला 108.25 वर अठरा टक्के, म्हणजे 19.485. सगळं मिळून 27.735. जीएसटीच्या आधी, बेसिक दहा टक्के असताना, सीव्हीडी, सेस आणि चार टक्के एसएडी हे आयातीवरचे तेव्हाचे कर एकमेकांवर चढत चढत 29.441 पर्यंत जायचे. करावर कर जीएसटीने संपला म्हणणाऱ्यांनी एकदा बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद, वाचावी.

पण टक्क्यांवर भांडण्यात अर्थ नाही, ते सरकारने ठरवलेत. ते शंभर रुपये कुठून आले ते बघा. मी तिथेच ठेच खाल्ली आहे.

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. मी आणि माझा मेहुणा, दोघांची भागीदारी. 2021 साली एका सीएनसीचा स्पिंडल गेला. मशीन उभं, गिऱ्हाइकाचा रोज फोन, म्हणून तैवानहून नवा स्पिंडल विमानाने मागवला. इनव्हॉइस एफओबी, म्हणजे तिकडे माल चढवेपर्यंतची किंमत, भाडं-विमा वेगळा; कस्टम्सच्या दराने रुपयात पाच लाख. (बँकेचा दर इथे चालत नाही, कस्टम्सचा स्वतःचा जाहीर केलेला दर असतो.) वजनदार वस्तू आणि घाई, त्यामुळे विमानाचं भाडंच एक लाख साठ हजार.

मेहुण्याने तुमच्यासारखाच हिशेब केला होता. पाच लाखांवर साडेपंचवीस टक्के, 1,27,500. "दाजी, एवढेच बाजूला काढा," म्हणाला. भरावे लागले 1,84,611.

ड्युटी इनव्हॉइसच्या किमतीवर लागत नाही, निर्धारण मूल्यावर लागते. एफओबी, त्यात भाडं, त्यात विमा. विम्याचा कागद नसेल तर एफओबीच्या 1.125% धरतात, आमचे 5,625 झाले. भाड्याचा 1,60,000 आकडा सीएचएने जसाच्या तसा घातला आणि मूल्य 6,65,625 झालं. त्यावर बेसिक 49,922, अधिभार 4,992, आणि या सगळ्यावर आयजीएसटी 1,29,697.

पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी ती बिल ऑफ एंट्री घेऊन बसलो. मूल्यनिर्धारणाच्या 2007 च्या नियमांत नियम 10 आहे. माल विमानाने आला असेल तर मूल्यात धरायचं भाडं एफओबीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. खरं भाडं कितीही द्या, ड्युटीसाठी वीस टक्क्यांवर थांबायचं. म्हणजे आमचे एक लाखच धरायला हवे होते. मूल्य 6,05,625 आणि एकूण ड्युटी 1,67,970. फरक 16,641 रुपये.

सीएचएला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चेकलिस्ट पाठवली होती, तुमच्याकडून ओके आलं." खरंच होतं. फाइल करण्याआधी ते चेकलिस्ट पाठवतात, मेहुण्याने मोबाइलवर ती उघडली की नाही देव जाणे, पण खाली 'ओके' आणि अंगठा. भाड्याचा रकाना पहिल्याच पानावर होता.

परत मागायला जावं तर तेही सरळ नाही. आपलं मूल्य आपणच जाहीर करायचं आणि आपणच ड्युटी काढायची, ही पद्धत 2011 पासून आहे. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की आपण स्वतः केलेली आकारणी आधी बदलून घ्या, मग परतावा मागा. म्हणजे आधी बिल ऑफ एंट्रीत दुरुस्तीचा अर्ज किंवा अपील, आणि त्यानंतर रिफंड. सीएचएने दुरुस्तीची वेगळी फी सांगितली. मेहुणा म्हणाला, सोडा.

का सोडा, तर त्याचं म्हणणं असं की आयजीएसटी आपल्याला क्रेडिटमध्ये मिळतोच. साठ हजार जास्त धरले त्यातलं खरं नुकसान फक्त बेसिक आणि अधिभाराचं, सव्वाआठ टक्के, म्हणजे 4,950. हिशेब त्याचा बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण उरलेले 11,691 तेव्हा आमच्या करंट खात्यातून गेले आणि पुढच्या विक्रीत वळते होईपर्यंत अडकून राहिले, त्याच महिन्यात आम्ही पगार दोन दिवस उशिरा केले. हे तो सांगत नाही. गणपतीला घरचे सगळे बसलो की '4,950 साठी दाजी अजून बोलतात' हे मात्र सगळ्यांना सांगतो.

आता तुमचं. तुमचं मशीन बोटीने येणार, म्हणजे वीस टक्क्यांची ती मर्यादा तुम्हाला लागू नाही. पण बोटीच्या मालाला याच नियमाचा दुसरा काटा आहे. भाड्याचा आकडाच दाखवला नाही, तर एफओबीच्या सरळ वीस टक्के धरतात. अख्ख्या मशीनचं खरं भाडं बऱ्याचदा त्याहून कितीतरी कमी असतं. फॉरवर्डरकडून भाड्याचं बिल मागून घ्या आणि फाइल होण्याआधी सीएचएला द्या. नंतर दिलेल्या कागदाचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. इनव्हॉइस एक्स-वर्क्स, म्हणजे कारखान्याच्या दारातल्या किमतीचं, असेल तर तिकडच्या कारखान्यापासून बंदरापर्यंतचा खर्च आधी एफओबीत जातो, तो भाड्यात धरू देऊ नका.

एजंट बदलायचा की नाही हे 27.7 वरून ठरवू नका. पुढची चेकलिस्ट आली की त्यात भाडं, विमा आणि विनिमय दर हे तीन रकाने बघा, आणि आकडा कुठून आला ते त्याला विचारा. उत्तर देता आलं तर ठेवा. आणि चेकलिस्टला ओके पाठवायचं काम घरात एकाच माणसाकडे द्या, तो मेहुणा नसला तर बरं.

तीन गोष्टी राहिल्या. काही मालाला अधिभारातून सूट आहे आणि बेसिकचा दर बजेटमध्ये बदलतो, तेव्हा तुमच्या मालाच्या टॅरिफ शीर्षकाचा आजचा दर बघा. मालावर अँटी-डंपिंग ड्युटी असेल तर तिच्यावर अधिभार लागत नाही, पण आयजीएसटी लागतो, म्हणजे 27.735 हे गणितच बदलतं. आणि तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर आयजीएसटीचं क्रेडिट नाही, सगळा पैसा खर्चातच. तसं असेल तर मेहुण्याचे 4,950 तुम्हाला लागू होत नाहीत. तुमचे 16,641 च.