मोठी खोली आणि एक्स्ट्रा बेड, की दोन छोट्या खोल्या?

प्रश्न: डिसेंबरमध्ये आम्ही दोघं आणि बारा वर्षांचा मुलगा ३ रात्री महाबळेश्वरला जाणार आहोत. मोठी खोली रोज ६,८०० रुपये, एक्स्ट्रा बेड १,२००, नाश्ता माणशी ३५०. नाश्त्यासह घेतली तर खोली ७,४०० आणि बेड १,५००. त्याच हॉटेलात छोट्या खोल्या ४,२०० ला आहेत, पण दोन खोल्या म्हणजे चैनच. सगळ्यावर ५ टक्के जीएसटी धरून मोठ्या खोलीचे २८,५०० होतात. आमची मर्यादा ३०,००० आहे. करू ना बुक?

उत्तर: या भावाने नका करू. बिल ३१,६०० च्या पुढे जाईल, आणि ज्या दोन खोल्या तुम्हाला चैन वाटतात त्याच ३०,००० च्या आत बसतील.

तुमच्या हिशेबातली चूक एकाच ठिकाणी आहे, एक्स्ट्रा बेडमध्ये. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीवर दोनच दर उरले आहेत. एका खोलीचं एका दिवसाचं मूल्य ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेलं तर १८ टक्के. (नेटवर अजून १२ टक्क्यांचे तक्ते फिरतात, ते त्याआधीचे.) मूल्य म्हणजे भिंतीवरच्या दरपत्रकातला आकडा नव्हे, त्या खोलीच्या मुक्कामासाठी तुमच्याकडून प्रत्यक्ष घेतलेली रक्कम. जादा बेड त्याच खोलीत पडतो, त्याच मुक्कामाचा भाग असतो, म्हणून त्याचे पैसे खोलीच्या मूल्यात मिळवले जातात. तुमची ६,८०० ची खोली अशी ८,००० ची झाली.

आता गोम अशी की हा स्लॅब आयकरासारखा पायरीपायरीने चढत नाही. आयकरात वरच्या टप्प्यातल्या रकमेवरच वरचा दर लागतो. इथे मर्यादा ओलांडली की पहिल्या रुपयापासून सगळ्या रकमेवर १८ टक्के. ७,५०० च्या खोलीवर कर ३७५ रुपये; ७,५०१ च्या खोलीवर १,३५० रुपये. एका रुपयासाठी ९७५ रुपये जादा! तुमच्या बाबतीत ८,००० वर १,४४० रुपये कर, म्हणजे रात्रीचे ९,४४०. तिघांचा नाश्ता वेगळा घेतला तर १,०५० वर ५ टक्के धरून १,१०२.५०. रात्रीचे एकूण १०,५४२.५० आणि तीन रात्रींचे ३१,६२७.५०. तुमच्या अंदाजापेक्षा ३,१२० रुपये जास्त, आणि तो सगळा फरक निव्वळ कराचा आहे.

नाश्त्यासह घेतल्याने हे टळत नाही. नाश्ता खोलीच्या भावातच असेल तर तो मुक्कामासोबतची एकत्रित सेवा ठरतो आणि त्याला खोलीचाच दर लागतो. ७,४०० अधिक १,५०० म्हणजे ८,९००, त्यावर १८ टक्के धरून १०,५०२. तीन रात्रींचे ३१,५०६. सव्वाशे रुपयांचाही फायदा नाही, आणि एखाद्या सकाळी लवकर निघालात तर न खाल्लेल्या नाश्त्याचे पैसे गेलेच.

आता दोन छोट्या खोल्या बघा. स्लॅब प्रत्येक खोलीला स्वतंत्र लागतो, दोन्हींची बेरीज धरत नाहीत. दोन्ही ४,२०० च्या, म्हणून दोन्हींवर ५ टक्के. ८,४०० चे ८,८२० होतात, नाश्त्याचे १,१०२.५० मिळवून रात्रीचे ९,९२२.५०. तीन रात्री २९,७६७.५०. करापूर्वी ४०० रुपयांनी महाग दिसणारा पर्याय करानंतर रोज ६२० रुपयांनी स्वस्त पडतो. शिवाय एका खोलीत एकच माणूस झोपणार, तेव्हा एका व्यक्तीचा भाव काय ते जरूर विचारा; बऱ्याच ठिकाणी तो थोडा कमी असतो.

या पर्यायात नाश्ता मात्र खोलीच्या भावात घालून मागा. कारण असं: ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात एखादी तरी खोली दिवसाला ७,५०० च्या वर गेली, तिथल्या रेस्टॉरंटला या वर्षी १८ टक्के लावावे लागतात. तुमच्या हॉटेलात मोठ्या खोलीत एक्स्ट्रा बेड टाकला की आकडा वर जातो, म्हणजे गेल्या वर्षी तसं घडलं असण्याची शक्यता बरीच. मग वेगळ्या नाश्त्याचे रोज १,२३९ होतील आणि तीन रात्रींत ४०९.५० रुपये वाढून तुम्ही तीस हजारांच्या पुढे जाल. तोच नाश्ता छोट्या खोल्यांच्या भावात असेल तर एकेक खोली पाच हजारांच्या आतच राहते आणि नाश्त्यालाही ५ टक्केच लागतात. थोडक्यात, स्वस्त खोलीत नाश्ता भावातच घ्यावा.

तिघांनी एकाच खोलीत राहायचं असेल तर भाव करा, पण नेमका. खोली आणि बेड मिळून ७,५०० मागा. हॉटेलने ५०० सोडले की तुमचे ९,४४० चे ७,८७५ होतात, म्हणजे १,५६५ वाचतात. त्यातले १,०६५ कराचे. नाश्ता वेगळा आणि त्यावर ५ टक्के धरून तीन रात्री २६,९३२.५० मध्ये होतील, हा सगळ्यांत स्वस्त पर्याय. हॉटेल लगेच हो म्हणेलच असं नाही, कारण ५ टक्क्यांच्या दरात त्यांना स्वतःच्या खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. पण गर्दी नसलेल्या दिवशी मान्य होण्यासारखी ही मागणी आहे. सवलत हॉटेलने स्वतःच्या बिलात दाखवायला हवी. बुकिंग अ‍ॅपने स्वतःच्या खिशातून दिलेल्या कूपनने तुमचे पैसे वाचतील, पण हॉटेलचं मूल्य तेवढंच राहील आणि दरही १८ टक्केच.

मर्यादा रोजची रोज तपासतात, सरासरीवर नाही. रविवारची रात्र ६,२०० ला मिळाली तर बेडसह ७,४०० होतात आणि त्या एका रात्रीला ५ टक्के लागतात. म्हणून तिन्ही रात्रींचा एकच ठोक आकडा न घेता रात्रवार भाव लेखी मागवा.

काही हॉटेलं एक्स्ट्रा बेड वेगळ्या ओळीत दाखवून त्याला ५ टक्के लावतात, किंवा त्याची निराळीच पावती करतात. फोनवर कोणी तसं सांगितलं तरी बजेट त्यावर बेतू नका. बिल करताना काउंटरवरच्या सॉफ्टवेअरने दोन्ही रकमा एकत्र धरल्या की तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. बुकिंगआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच विचारा: «खोली आणि बेड मिळून रात्रीची करासह रक्कम किती, आणि नाश्ता त्यात की वेगळा?» बिल हातात आलं की खोलीच्या ओळीसमोर सीजीएसटी आणि एसजीएसटी बघा. अडीच-अडीच असेल तर ५ टक्के, नऊ-नऊ असेल तर १८. छोट्या खोल्या घेऊन नऊ-नऊ दिसलं तर दोन्ही खोल्या एकाच ओळीत जोडल्या गेल्या असाव्यात. पैसे देण्याआधी त्या वेगळ्या करून घ्या.