एका नळासाठी अख्ख्या घराचं पाणी का तोडायचं?

कमोडच्या टाकीचं काम निघालं की प्लंबर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि सगळं घर कोरडं पडतं. फक्त कमोडचं पाणी बंद करता येईल का?

येईल, आणि त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही. तुमच्याकडे भिंतीतल्या एल्बोला निपल लावून थेट कनेक्शन पाइप जोडलेला असणार. निपलच्या जागी अर्धा इंची पितळी अँगल कॉक बसवून घ्या. प्लास्टिकचा घेऊ नका. आवळताना त्याचे आटे चिरतात.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ सोडा, म्हणजे पाइप रिकामा होईल. निपल काढल्यावर एल्बोच्या आट्यांत अडकलेली जुनी टेप ब्रशने साफ करा. कॉकवर आधी फ्लँज चढवा. मग आटे ज्या दिशेने आवळतात, त्याच दिशेने टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे ताणून द्या. पहिले दोन-तीन आटे हातानेच बसले पाहिजेत. अडले तर कॉक तिरका लागलाय, बाहेर काढा. पुढचं पान्याने.

बरीच कामं बिघडतात ती इथे. कॉकचं तोंड नीट वर यायला हवं असतं आणि ते जरा पुढे जातं. मग माणूस तो थोडा उलटा फिरवतो. त्याने टेप सैल पडते आणि थेंब भिंतीच्या आत झिरपतो. फ्लँजमुळे तुम्हाला काही दिसत नाही. महिन्याभराने खालच्या मजल्यावरचे लोक छताची ओल दाखवायला येतात. पुढे गेला तर पूर्ण काढा आणि नवी टेप लावा. पाणी सोडल्यावर फ्लँज मागे सरकवून ठेवा आणि कोरडा टिश्यू तासभर आट्यांपाशी धरून बघत राहा. कनेक्शन पाइपच्या नटला मात्र टेप नको, तिथे रबरी वायसर पाणी धरतं.

आमची इमारत जुनी, पाइप लोखंडी. हे घरी करावं का?

नको. गंजलेलं निपल फिरवताना एल्बोतच तुटतं आणि मग टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येत असेल, तर तुमचे आटे त्याच अवस्थेत आहेत असं धरा. प्लंबरला सकाळी बोलवा, म्हणजे पाइप तुटलाच तरी दुकानं उघडी असतात.

साठवणीच्या गीझरला कॉक कुठे लावायचा?

थंड पाण्याच्या बाजूला, सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये कधीही नाही: तिथे कॉक बंद राहिला तर वाढलेल्या दाबाला बाहेर पडायला वाट उरत नाही. हा कॉक बंद करण्याआधी गीझरचा स्विच बंद करा. आणि बाथरूममधले सगळे कॉक दर दोन-तीन महिन्यांनी एकदा फिरवा, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. क्षार धरलेला कॉक ऐन वेळी हलत नाही.