मिरचीचे बी कमी उगवले: विक्रेत्याला पत्र लिहिण्याआधी आणि लिहिताना

प्रश्न: नाशिकला गच्चीवर बाग आहे. ऑनलाइन मागवलेल्या मिरचीच्या पाकिटात ५० बिया होत्या. १२ जानेवारीला २५ बिया कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावल्या, तीन आठवड्यांत पाचच उगवल्या. पाकिटावर उगवण ६०% छापली आहे. विक्रेत्याला ‘बी खराब आहे’ असे कळवले तर ‘पाणी जास्त झाले असेल’ एवढेच उत्तर आले. आता नीट पत्र लिहायचे आहे. काय लिहू?

उत्तर:

पत्र लिहा, पण त्याला दोन आठवडे थांबा. आज तुमच्या हातात जो पुरावा आहे तो कच्चा आहे. मिरचीच्या बीला २५ ते ३० अंश तापमान लागते. नाशिकच्या जानेवारीत रात्री पारा बराच खाली येतो आणि ओले कोकोपीट गच्चीवर आणखी गार पडते. अशा थंडीत चांगले बीसुद्धा महिनाभर अडून बसते, किंवा ओलीत पडून कुजते. विक्रेत्याने हाच मुद्दा काढला तर तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून आधी बी आणि हवामान यांना वेगळे करावे लागेल. सुदैवाने तुमच्याकडे २५ बिया उरल्या आहेत.

त्याआधी ट्रेमधल्या न उगवलेल्या २० जागा टूथपिकने हलकेच उकरा. बी सापडलेच नाही तर मुंग्यांनी नेले असण्याची शक्यता आहे. गच्चीवर हे बरेचदा होते आणि तो दोष बियाण्याचा नाही. मोड येऊन मातीखालीच सडला असेल तर बी जिवंत होते, बाहेर येताना मेले, म्हणजे विक्रेत्याचे पाण्याबद्दलचे म्हणणे खरे असू शकते. बी टणक आणि आतून पांढरे असेल तर ते थंडीने थांबलेले असेल. मोड न येताच ते मऊ पडून दाबल्यावर पाणचट लगदा निघाला, तर संशय बीवर जातो. पण गार ओलीतही बी असेच कुजते, म्हणून घरातली चाचणी हवीच.

उरलेल्या २५ पैकी ५ बिया पाकिटातच ठेवा, पाकीट घडी घालून कोरड्या डब्यात. २० बिया चाचणीला घ्या. किचन टॉवेलचे दोन पदर ओले करून पिळा. उचलल्यावर थेंब गळता कामा नये. पाणी साचले की बीला हवा मिळत नाही, आणि घरच्या चाचण्या बहुतेक इथेच फसतात. बिया एकमेकींना न चिकटतील अशा चार ओळींत पाच-पाच मांडा, वर तिसरा ओला पदर घाला, सैल गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तोंड थोडे उघडे राहू द्या. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी कोमट पाण्याची बाटली. ती सकाळ-संध्याकाळ बदला. खोक्यात थर्मामीटर ठेवून दिवसातून दोनदा आकडा लिहून ठेवा.

त्याच खोक्यात दुसऱ्या गुंडाळीत टोमॅटोच्या १० बिया ठेवा, अलीकडे चांगल्या उगवलेल्या पाकिटातल्या. टोमॅटोलाही साधारण तीच ऊब लागते. आठ-नऊ टोमॅटो उगवले आणि मिरची उगवली नाही, तर तुमच्या पद्धतीत चूक नव्हती हे आपोआप सिद्ध होते. मोहरी किंवा मेथी वापरू नका. ती थंडीतही उगवते, म्हणून तिने काहीच ठरत नाही.

मिरचीची मोजणी सातव्या आणि चौदाव्या दिवशी करा. प्रयोगशाळेतही मिरचीसाठी हेच दोन दिवस धरतात. नुसता पांढरा मोड दिसला म्हणून बी मोजू नका. मूळ, दांडा आणि पहिली दोन बीजपाने धड असलेले रोपच मोजा. चौदाव्या दिवशी काही बिया टणक राहिल्या असतील तर आणखी आठवडा द्या, कारण ताज्या काढणीच्या मिरचीच्या बीला कधी कधी सुप्तावस्था असते.

आकड्याचा अर्थ असा लावा. खरी उगवण ६०% असेल तर २० पैकी सरासरी १२ उगवतील, पण १० किंवा कमी येणेही चार वेळांतून एकदा निव्वळ योगायोगाने घडते. तेवढ्यावर तक्रार करणे मला अन्यायाचे वाटते. ५ किंवा त्याहून कमी उगवणे मात्र सुमारे सहाशे वेळांत एकदा घडेल. तिथे योगायोगाची सबब टिकत नाही. मधला आकडा आला तर आरोप करू नका, फक्त लॉटचा चाचणी अहवाल मागा. आणि १२-१३ उगवल्या तर दोष थंडीचा. ट्रे घरात घ्या आणि पत्र विसरा.

समजा २० पैकी ४ उगवल्या. मग पत्र असे असावे:

> नमस्कार,
>
> आपल्याकडून दि. __ रोजी ऑर्डर क्र. __ ने मिरचीचे ५० बियांचे पाकीट घेतले. वाण __, लॉट क्र. __, चाचणी दिनांक __, वैधता __ पर्यंत, छापील उगवण ६०%.
>
> १२ जानेवारीला गच्चीवर लावलेल्या २५ पैकी ५ बिया उगवल्या. थंडीचा परिणाम वगळण्यासाठी त्याच पाकिटातील २० बियांची घरात २५ ते ३० अंशांत ओल्या कागदात चाचणी घेतली. चौदाव्या दिवशी ४ धड रोपे मिळाली, २ बिया टणक होत्या आणि १४ कुजल्या. टणक बिया एकविसाव्या दिवसापर्यंत उगवल्या नाहीत. त्याच वेळी त्याच खोक्यात ठेवलेल्या टोमॅटोच्या १० पैकी ९ बिया उगवल्या. तापमानाच्या नोंदी आणि तारखेसह फोटो जोडले आहेत. ५ बिया मूळ पाकिटात जपून ठेवल्या आहेत.
>
> कृपया (१) या लॉटचा उगवण चाचणी अहवाल पाठवावा, (२) दुसऱ्या लॉटचे पाकीट किंवा पाकिटाची किंमत परत द्यावी. या लॉटबद्दल इतरांच्या तक्रारी असतील तर त्याची विक्री थांबवावी, ही विनंती.

पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द नको. बी उष्ण, दमट जागेत राहिले की लवकर मरते. कुरियरच्या गोदामात किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत ते घडू शकते आणि विक्रेत्याला पत्ताही नसतो. लॉट क्रमांक मिळाला की प्रामाणिक विक्रेता आपला साठा तपासू शकतो. सगळ्या पत्रात त्याच्या कामाचा आकडा तोच. वाया गेलेला हंगाम, खत, मेहनत यांची भरपाई मागू नका. एका पाकिटाच्या तक्रारीत ती मागणी आली की मूळ मुद्दाच बाजूला पडतो.

फोटो तीन पुरे: पाकिटाच्या दोन्ही बाजू, तारखेच्या चिठ्ठीसह ट्रे, आणि चौदाव्या दिवशी उघडलेल्या दोन्ही गुंडाळ्या शेजारी-शेजारी.

पाकिटावर लॉट क्रमांक आणि चाचणीची तारीख छापलेलीच नसेल तर पत्राची सुरुवात त्या प्रश्नाने करा. मोठ्या पिशवीतून सुटे भरलेल्या हौशी पाकिटांत हे नेहमी गाळलेले असते. ६०% हा आकडा विक्रेत्याने सहज ठरवलेला नाही. बियाणे प्रमाणीकरणाच्या मानकांत मिरचीची किमान उगवण तेवढीच आहे.

विक्रेता ‘प्रयोगशाळेचा दाखला आणा’ म्हणेल. प्रयोगशाळेच्या चाचणीला ४०० बिया लागतात, त्या ५० च्या पाकिटातून येणार नाहीत. हे त्याला शांतपणे लिहा आणि चाचणी अहवाल त्याच्याकडेच मागा, कारण लॉट त्याच्याकडे आहे.

खरेदी ऑनलाइन आहे, म्हणून पत्र संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवरच पाठवा, चॅटवर नको. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. महिना उलटूनही उत्तर नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर हेच पत्र आणि फोटो घेऊन तक्रार नोंदवा. तोपर्यंत त्या ५ बिया लावून टाकू नका.