ओटोस्क्लेरोसिसच्या ऑपरेशनने किती ऐकू येईल, ते ऑडिओग्रामवर दिसतं

प्रश्न: माझं वय २९, इंदूरला राहते. दोन-तीन वर्षांपासून डाव्या कानाने कमी ऐकू येतंय, आता उजव्यालाही जरा जाणवतं. डॉक्टर म्हणाले ओटोस्क्लेरोसिस आहे, स्टेपीजचं ऑपरेशन करून घ्या. त्यानंतर पूर्ण ऐकू येतं का? आणि बिघडलं तर?

उत्तर:

मी इंदूरमध्येच ऑडिओलॉजिस्ट आहे. ऑपरेशन सर्जन करतात, त्याच्या आधीची आणि नंतरची तपासणी माझ्याकडे होते. तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, समोर घेऊन बसा, म्हणजे मी काय सांगते ते लगेच लक्षात येईल.

डाव्या कानासाठी त्यावर दोन गोष्टी काढलेल्या असतात. निळ्या फुल्यांची रेषा हेडफोनच्या तपासणीची. तो आवाज पडदा, मग तीन छोटी हाडं, असा पूर्ण रस्ता पार करून आतल्या कानात पोचतो. दुसऱ्या, कंसासारख्या खुणा, कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवून केलेल्या तपासणीच्या. तो आवाज मधली हाडं टाळून कवटीतून थेट आतल्या कानाला मिळतो. खूण जितकी खाली आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. हेडफोनची रेषा खाली आणि कंस वर, म्हणजे आतला कान ठीक आहे आणि अडथळा वाटेत आहे.

ओटोस्क्लेरोसिसमध्ये हा अडथळा तिसऱ्या हाडाशी असतो. त्याला रिकीब म्हणतात, डॉक्टर स्टेपीज म्हणतात. जेमतेम ३ मिलिमीटर उंचीचं हे हाड आतल्या कानाच्या खिडकीत बसून हलत असतं. तिच्या कडेला नवं हाड वाढतं आणि रिकिबीचा तळ जखडून टाकतं. बहुधा विशी ते चाळिशीत हे लक्षात येतं, बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि पुष्कळदा घरात आई, मावशी किंवा आजोबा कमी ऐकणारे असतात. बहुतेकांना पुढेमागे दोन्ही कानांत होतं, त्यामुळे तुमच्या उजव्या कानाचं ऐकून मला नवल वाटलं नाही.

ऑपरेशन त्या दोन रेषांमधलं अंतर मिटवतं. कंस जिथे आहेत, साधारण तिथपर्यंत ऐकू येणं वर येतं, त्याच्या पलीकडे सहसा नाही. म्हणून ‘पूर्ण ऐकू येतं का’ याचं उत्तर तुमचे कंस कुठे आहेत त्यावर आहे.

माझ्याकडची एक मुलगी सांगते. बँकेत काउंटरवर काम करायची, वय तिशीच्या आतबाहेर. स्वतः इतकं हळू बोलायची की मला पुढे वाकावं लागे. तिची तक्रार मजेशीर वाटेल, पण या आजारात नेहमीची आहे: राजवाड्याच्या गर्दीत आईचं बोलणं नीट कळतं, घरी शांततेत कळत नाही. गर्दीत समोरचा माणूस आपोआप आवाज चढवतो, आणि तिच्या कानात गर्दीचा गोंगाट तेवढा शिरतच नसतो, म्हणून असं होतं. तिची हेडफोनची सरासरी ५५ डेसिबल होती, कंस २० च्या आसपास. फक्त २००० हर्ट्झला कंस ३० पर्यंत खाली आलेला. तो खड्डा बघून ती घाबरली होती, ‘नस पण गेली का?’ नस नव्हती गेली. रिकीब जखडली की हाडातून जाणारं ऐकणंही त्या स्वराला जरा कमी दिसतं. त्याला कारहार्ट नॉच म्हणतात. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी हेडफोनची सरासरी २५ वर आली आणि तो खड्डाही भरून निघाला. ऐकण्याचं मशीन काही लागलं नाही.

आता दुसरा नमुना. चाळिशी ओलांडलेले गृहस्थ, हेडफोन ७५, कंस ४५. यांच्या आतल्या कानालाही झळ पोचलेली होती. ऑपरेशन उत्तम झालं आणि ते ५० वर आले. म्हणजे मशीन लागलंच, पण आधी मोठ्या मशीननेही जे कळत नव्हतं ते साध्या मशीनने कळू लागलं. हे आधी समजावलं नसतं तर त्यांना ऑपरेशन फसलं असंच वाटलं असतं.

होकार देण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. कंस काढताना उजव्या कानात मास्किंगचा सूं-सूं आवाज सोडला होता का? व्हायब्रेटरचा आवाज दोन्ही कानांना पोचतो. मास्किंग केलं नाही तर डाव्या कानाची नस गेलेली असूनही उजवा कान उत्तर देतो आणि कागदावर खोटं अंतर दिसतं. ट्यूनिंग फोर्कने हे पडताळता येतं: कपाळाच्या मध्यावर ठेवल्यावर आवाज जास्त बिघडलेल्या कानाकडे सरकला तर चित्र जुळतं. शिवाय स्टेपेडियल रिफ्लेक्सची, म्हणजे मोठ्या आवाजाला कानातला छोटा स्नायू आवळतो का याची, तपासणी झाली असेल तर बघा. या आजारात तो सहसा मिळत नाही. अंतर दिसतंय आणि रिफ्लेक्स छान येतोय, तर सर्जनशी पुन्हा बोला. कारण वेगळं असू शकतं आणि मग सीटी स्कॅन करावा लागतो.

ऑपरेशन कानाच्या नळीतूनच होतं, बऱ्याचदा जागा बधिर करून. पडद्याची कड उचलतात, रिकिबीचा वरचा भाग काढतात, तळाला एक मिलिमीटरहूनही लहान भोक पाडतात आणि त्यात टेफ्लॉनचा किंवा टायटॅनियमचा पिस्टन बसवून तो मधल्या हाडाला अडकवतात. १९५६ मध्ये अमेरिकेत जॉन शे यांनी टेफ्लॉनचा कृत्रिम स्टेपीज पहिल्यांदा बसवला, आजचं ऑपरेशन त्याच वाटेवरचं आहे. सरावातल्या हातांत दहापैकी साधारण नऊ जणांचं अंतर १० डेसिबलच्या आत येतं.

आता बिघडण्याबद्दल. शंभरात सुमारे एकाचा तो कान कायमचा बहिरा होऊ शकतो, आणि तो मशीनच्याही पलीकडे जातो. हा आकडा लहान आहे, पण खरा आहे. म्हणूनच आधी जास्त बिघडलेला कान करतात आणि दुसरा निदान सहा महिने थांबून. ज्याचा एकच कान चालतो, त्याला मी तरी मशीनच सुचवते. चवीची नस वाटेत येते, त्यामुळे जिभेच्या एका बाजूला काही आठवडे-महिने धातूसारखी चव लागू शकते. पहिले काही दिवस चक्कर येणं नेहमीचं. कानात पॅकिंग असेपर्यंत ऐकू येत नाही म्हणून घाबरू नका. ते निघाल्यावर भांड्यांचा आवाज अंगावर येतो, तोही हळूहळू बसतो. पण आलेलं ऐकणं अचानक पडलं किंवा गरगर वाढत गेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला गाठा. पिस्टनच्या कडेने आतलं पाणी झिरपत असू शकतं.

नाक जोरात शिंकरणं, वजन उचलणं, विमान आणि कानात पाणी, हे सर्जन सांगतील तितके आठवडे बंद. रंगपंचमीच्या आसपास तारीख घेऊ नका. गेरच्या मिरवणुकीतले पाण्याचे फवारे आणि डीजे, दोन्ही ताज्या कानाला नकोत.

सर्जनना स्पष्ट विचारा की वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता. हे ऑपरेशन हातावर फार अवलंबून आहे. आणि घाई नाही: आजार सावकाश वाढतो, मशीन लावून वर्षभर थांबलात तरी ऑपरेशनचा रस्ता सहसा बंद होत नाही. फक्त दर सहा-आठ महिन्यांनी कंस खाली सरकतायत का ते तपासून घ्या. ऑडिओग्रामचा फोटो इथे टाकलात (नाव झाकून), तर अंतर किती आहे ते मी बघून सांगेन.