स्टाफरूममधल्या गप्पांतून परीक्षेच्या ड्युट्यांचं परिपत्रक कसं लिहावं?

प्रश्न: आमच्याकडे सत्र परीक्षेच्या ड्युट्या स्टाफरूममध्ये बोलता बोलता आणि ग्रुपवर ठरतात. यंदा परिपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तारीख, खोली, जबाबदारी सगळं नीट यायला हवं. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

परिपत्रकाच्या भाषेचं नंतर बघू. आधी त्या गप्पांमध्ये खरोखर काय ठरलंय आणि काय नुसतंच बोललं गेलंय, ते वेगळं करा. परीक्षा विभाग बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माझा अनुभव असा की परिपत्रकात चुका होतात त्या बहुतेक इथेच.

हा आमच्याकडचाच एक संवाद बघा. "सोमवारी सकाळी मी सातमध्ये थांबते, दुपारचं कुणीतरी घ्या." "दुपारचं मी बघतो, पण साडेतीनला निघावं लागेल, दवाखान्यात जायचंय." "मग शेवटचा अर्धा तास रिलीव्हर बसेल ना?" "हो हो, नेहमीप्रमाणे."

ऐकताना वाटतं, झालं, ठरलं. पण यातलं ठरलेलं वाक्य एकच, पहिलं. दुसरं अटीवर अडकलंय, तिसरा प्रश्न आहे, आणि चौथ्याला तर कुणी मालकच नाही. दुपारचा पेपर २ ते ४. साडेतीन ते चार या अर्ध्या तासात वर्गात सगळ्यात जास्त काम असतं. मुलं पुरवण्या मागतात, त्या बांधून घ्यायच्या असतात, बैठक क्रमांक लिहिलाय का ते बघायचं असतं, आणि शेवटी उत्तरपत्रिका हजेरीपत्रकाशी मोजून जुळवायच्या असतात. दीड तास वर्गात नसलेल्या माणसाच्या हातात हे ऐनवेळी देऊ नये. म्हणून मी त्या सरांना एकट्यात विचारलं, "गुरुवारी सकाळची घ्याल का?" ते लगेच हो म्हणाले. गुरुवारच्या मॅडमनाही विचारलं, त्या सोमवारी दुपारी आल्या. परिपत्रकात फक्त ही अदलाबदल झालेला तक्ता गेला. दवाखान्याचा उल्लेख कुठेही नाही, आणि नसावाच. कुणाच्या घरचं कारण स्टाफरूमपुरतं असतं, ते सूचनाफलकावर लावायचं नसतं.

"बघतो", "जमेल बहुतेक", "चालेल मला" अशा प्रत्येक वाक्यामागे त्या माणसाला एकदा थेट विचारून होकार घ्या. वेळ जातो, पण नंतरचे वाद वाचतात.

मग हिशोब. आमच्याकडे ८ खोल्या, रोज २ सत्रं, परीक्षा ५ दिवस. म्हणजे ८० ड्युट्या. प्रत्येक सत्राला एक राखीव पर्यवेक्षक, म्हणजे आणखी १०. एकूण ९०. पर्यवेक्षणाला शिक्षक १८, म्हणजे प्रत्येकी ५. आकडा आधी काढला की "मलाच जास्त आल्या" ही कुरबुर तक्ता दाखवून मिटते. तक्ता भरून झाला की तो दोनदा वाचा. एकदा सत्राप्रमाणे: प्रत्येक खोलीसमोर नाव आहे का, एकच नाव एका सत्रात दोन ठिकाणी नाही ना, आणि ज्यांच्या विषयाचा पेपर आहे ते त्या सत्रात ड्युटीवर नाहीत ना. विषयशिक्षक मोकळे असले की प्रश्नात चूक निघाल्यावर लगेच बोलावता येतात. दुसऱ्यांदा नावाप्रमाणे वाचा, प्रत्येकाच्या पाचच होतात का ते कळतं.

आता लिहिणं. गप्पांमधला "सोमवार" परिपत्रकात एकटा येऊ नये, तारखेसह यावा. "सात" म्हणजे दारावर जो क्रमांक लिहिलाय तोच. आमच्या इमारतीत रंगकामानंतर दोन खोल्यांचे क्रमांक बदलले होते आणि जुने लोक जुनेच क्रमांक बोलत होते. म्हणून मी हातात कागद घेऊन प्रत्येक दारापर्यंत जाऊन येते. नावं पूर्ण लिहा. एकाच आडनावाच्या दोन मॅडम असतील तर नुसतं आडनाव लिहिल्यावर दोघी येतात किंवा एकही येत नाही.

तक्त्यातली एक ओळ अशी दिसते:

दि. ६ ऑक्टोबर २०२५ (सोमवार) | दुपार सत्र, दु. २:०० ते ४:०० | खोली क्र. ७ | पर्यवेक्षक: श्रीमती (पूर्ण नाव) | परीक्षा कक्षात उपस्थिती: दु. १:३०

उपस्थितीची वेळ वेगळी लिहायलाच हवी. "२ ते ४" एवढंच लिहिलं की कुणीतरी दोनला येतं, आणि प्रश्नपत्रिका वाटायच्या राहतात.

जबाबदाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गप्पांमध्ये सगळे खोलीबद्दल बोलतात, गठ्ठ्याबद्दल कुणीच बोलत नाही. पहिल्या वर्षी मी परिपत्रकात लिहिलं होतं, "उत्तरपत्रिका नेहमीप्रमाणे जमा केल्या जाव्यात." त्या वर्षी नव्यानं रुजू झालेल्या एका शिक्षिकेला "नेहमीप्रमाणे" म्हणजे काय हे माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यांनी गठ्ठा स्टाफरूमच्या कपाटात ठेवला. संध्याकाळी हजेरीत ३७ मुलं आणि उत्तरपत्रिका शून्य, असं दिसल्यावर आम्ही दोघींनी तासभर शोध घेतला. चूक माझ्या वाक्याची होती. "केल्या जाव्यात" म्हणजे कुणी, कुठे, केव्हा, हे त्यात नव्हतंच. तेव्हापासून मी प्रत्येक जबाबदारी "यांनी" घालून लिहिते:

"पर्यवेक्षकांनी पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका बैठक क्रमांकानुसार लावून, उपस्थित विद्यार्थ्यांच्या संख्येशी जुळवून, १५ मिनिटांच्या आत परीक्षा कक्षात परीक्षा विभागप्रमुखांकडे द्याव्यात व नोंदवहीत स्वाक्षरी करावी."

राखीव पर्यवेक्षकांचंही तसंच. ते पूर्ण सत्र कुठे बसतील आणि एका खोलीत जास्तीत जास्त किती वेळ थांबतील, हे लिहा. आम्ही १० मिनिटं लिहितो. नाहीतर "जरा चहा घेऊन येतो" म्हणत एकाच खोलीत अर्धा तास जातो आणि बाकीचे ताटकळतात.

वरती जावक क्रमांक, दिनांक आणि विषय, खाली मुख्याध्यापकांची स्वाक्षरी, हे तुमच्या कार्यालयात ठरलेलं असेलच. सुरुवात एका वाक्यात संपवा: "प्रथम सत्र परीक्षा दि. ६ ते १० ऑक्टोबर २०२५ या कालावधीत होणार असून पर्यवेक्षणाचे नियोजन खालीलप्रमाणे करण्यात येत आहे." सगळे थेट तक्त्यात आपलं नाव शोधतात, त्यामुळे प्रस्तावना लांबवू नका.

शेवटी बदलाचं कलम नक्की घाला, कारण परिपत्रक लागलं की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पुन्हा "तू माझी घे, मी तुझी घेते" सुरू होतं. अदलाबदल करायची असेल तर दोघांच्या सह्यांचा अर्ज आदल्या दिवशी दुपारपर्यंत द्यावा, आणि मुख्याध्यापकांची मंजुरी मिळेपर्यंत मूळ नियोजन कायम राहील, असं आम्ही लिहितो. मंजूर बदलाचं शुद्धिपत्रक नव्या क्रमांकानं, मूळ परिपत्रकाचा संदर्भ देऊन काढा आणि तेही सगळ्यांना फिरवा. ग्रुपवर सुधारित तक्ता टाकलात, तर फलकावरचा जुना कागद त्याच वेळी स्वतः काढा. वाचल्याच्या सह्या घेताना रजेवर कोण आहे ते बघून त्यांना फोन करा, आणि सहीच्या रकान्यात "दूरध्वनीवरून कळवले" असं तारीख-वेळेसह लिहून ठेवा.